जोखमीची रक्कम आणि जोखमीचा हिस्सा

संपत्ती वाढत जाते तसा प्रत्येक नव्या रुपयातून मिळणारा समाधानाचा भाग कमी होत जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत, सीमांत उपयोगिता घटते. त्यामुळे हजार रुपये गमावल्याचे दुःख हजार रुपये मिळाल्याच्या सुखापेक्षा मोठे ठरते आणि माणूस जोखीम टाळू पाहतो. हे टाळणे किती तीव्र आहे ते मोजण्याची रीत जॉन प्रॅट यांनी 1964 मध्ये आणि केनेथ अ‍ॅरो यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे मांडली.

या रीतीत दोन मापे आहेत. संपत्ती w आणि उपयोगिता u असेल, तर निरपेक्ष जोखीम-विमुखता A = −u″/u′. संपत्तीत एक रुपया वाढला की सीमांत उपयोगिता किती प्रमाणात घटते, हे त्यातून कळते. सापेक्ष जोखीम-विमुखता R = w × A. संपत्ती एक टक्का वाढली की सीमांत उपयोगिता किती टक्के घटते, ते ही सांगते. पहिल्या मापावर जोखमीत घालायची रक्कम ठरते, तर दुसऱ्यावर तिचा संपत्तीतला हिस्सा.

एक शेअर वर्षभरात 25 टक्के वाढेल किंवा 20 टक्के पडेल, दोन्हींची शक्यता सारखीच, आणि सुरक्षित ठेवीवर काहीच व्याज नाही, असे धरू. डॅनियल बर्नुली यांनी 1738 मध्ये सुचवलेली लॉग उपयोगिता घेतली, तर R नेहमी 1 असतो. संपत्तीचा s इतका हिस्सा शेअरमध्ये घातला, तर वर्षअखेरीची संपत्ती w(1 + 0.25s) किंवा w(1 − 0.2s) होईल. लॉग घेतला की ln w हे पद वेगळे निघते आणि s च्या निवडीत त्याला काहीच काम उरत नाही. उत्तर येते s = 0.5. दहा लाख असणारा पाच लाख शेअरमध्ये घालतो आणि एक कोटी असणारा पन्नास लाख. R दोनवर स्थिर असेल, तर हिस्सा 25 टक्क्यांच्या आसपास उतरतो, पण तोही गरीब-श्रीमंत दोघांना सारखाच. सापेक्ष जोखीम-विमुखता स्थिर असण्याचा अर्थ नेमका हाच: संपत्तीबरोबर रक्कम वाढते, हिस्सा हलत नाही.

आता निरपेक्ष माप स्थिर धरून पाहावे. A दर दहा लाखांना एक इतका असेल, तर याच शेअरमध्ये सुमारे 4.96 लाख जातात. संपत्ती दहा लाख असो वा एक कोटी, रक्कम तीच. कोट्यधीशाचा हिस्सा मग पाच टक्क्यांवर येतो. असा माणूस व्यवहारात सहसा आढळत नाही, म्हणून A संपत्तीबरोबर घटतो हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. R बद्दल मात्र एकमत नाही. तो संपत्तीबरोबर वाढत असावा, असे खुद्द अ‍ॅरो यांचे मत होते.

हिस्सा स्थिर ठेवायचा म्हणजे शेअर हलवायचेच नाहीत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात उलटे घडते. वरचा शेअर 20 टक्के पडला की पाच लाखांचे चार लाख होतात, एकूण संपत्ती नऊ लाख, आणि हिस्सा 44 टक्के. तो पुन्हा निम्म्यावर आणायला पन्नास हजारांचे शेअर पडत्या भावात विकत घ्यावे लागतात. शेअर चढला असता, तर 62,500 रुपयांचे विकावे लागले असते. ज्याची सापेक्ष जोखीम-विमुखता खरोखर स्थिर आहे, त्याने पडझडीत खरेदी करायची असते. सगळेच तसे असतील, तर विकणारा कोणी उरत नाही आणि भावच बदलतात. हा सल्ला एकट्या गुंतवणूकदारापुरताच खरा आहे.

सर्वांत मोठी अडचण ‘कशाचा हिस्सा’ या प्रश्नात आहे. नुकती पदवी घेतलेल्या स्नातकाजवळ वीस लाखांची बचत असेल आणि पुढच्या खात्रीच्या पगाराचे आजचे मूल्यही वीस लाख असेल, तर एकूण संपत्ती चाळीस लाख ठरते. लॉग उपयोगितेप्रमाणे तिच्या निम्मे, म्हणजे वीस लाख, शेअरमध्ये हवेत. पगार ठेवीसारखा सुरक्षित असल्याने सगळी बचत शेअरमध्ये जाते. पुढे बचत साठ लाख झाली आणि उरलेल्या पगाराचे मूल्य वीस लाखच राहिले, तर शेअरमध्ये चाळीस लाख, म्हणजे बचतीचे 67 टक्के. नुसती बचत पाहणाऱ्याला वाटेल, माणूस श्रीमंत होताना भित्रा झाला. त्याचा R मात्र सतत एकच आहे. घरखर्चासाठी पाच लाख कोणत्याही परिस्थितीत हातचे राखायचे असतील, तर हिस्सा उलट दिशेने सरकतो: दहा लाखांवर 25 टक्के, एक कोटीवर 47.5 टक्के.

म्हणून केवळ हिस्सा पाहून R स्थिर आहे की नाही, हे सांगता येत नाही. मार्कुस ब्रुनरमायर आणि स्टेफान नागेल यांनी 2008 मध्ये अमेरिकी कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. संपत्तीतल्या चढउतारांचा जोखमीच्या हिश्शावर फारसा परिणाम त्यांना दिसला नाही. हे स्थिर R शी जुळते. पण त्यांना हेही आढळले की शेअर चढला-पडला तरी कुटुंबे हिस्सा पूर्ववत करायला फार हळू हात घालतात, आणि सिद्धान्ताने सांगितलेली खरेदी-विक्री बरीचशी होतच नाही.