कामगार दिनाची तारीख कोण ठरवतो?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा गोषवारा)



पहिली मे आली की अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांवर झेंडा लागतो. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य झाले, आणि कामगार दिनही हाच. कचेरी बंद, बँक बंद. आपल्या वावरात मात्र त्या दिवशी वखर चालू असतो आणि धसकटे वेचणारी बाई उन्हात असते. मागे एका बैठकीत एका पोराने आम्हाला विचारले, "कामगार दिन अमेरिकेत जन्मला म्हणता, मग अमेरिका तो सप्टेंबरात का पाळते?" प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. बोलणी करायची तर तेव्हाच. पेरणीच्या तोंडावर केली तर कोणी ऐकत नाही. अमेरिकेतही बांधकामाच्या धंद्यात करार नवे करायचा दिवस पहिली मे हा होता. म्हणून तिथल्या संघटनांनी १८८४ साली ठराव केला की १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा. म्हणजे ही तारीख आली ती करारातून.

त्या दिवशी हजारो कामगारांनी काम थांबवले. शिकागो शहरात ३ मे रोजी मॅकॉर्मिकच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसे मेली. हा कारखाना कशाचा, तर पीक कापणाऱ्या यंत्रांचा. दुसऱ्या दिवशी निषेधाची सभा भरली ती हेमार्केटला, म्हणजे चाऱ्याच्या बाजारात. तिथे कोणीतरी पोलिसांवर बाँब टाकला. कोणी टाकला ते आजवर सिद्ध झाले नाही. तरी आठ पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी दिली. १८८९ साली पॅरिसला भरलेल्या समाजवाद्यांच्या परिषदेने ठरवले की पुढच्या वर्षी १ मे रोजी सगळ्या देशांत आठ तासांसाठी निदर्शने करायची. तिथून ही तारीख जगभर गेली. आपल्या देशात ती पहिल्यांदा १९२३ साली मद्रासला पाळली गेली.

आता सप्टेंबर. ही तारीख सरकारने शोधून काढली असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. न्यूयॉर्कच्या कामगार संघटनांनी ५ सप्टेंबर १८८२ रोजी मिरवणूक काढली होती, शिकागोच्या चार वर्षे आधी. पुढे काही राज्यांनी सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी सुट्टीही दिली. म्हणजे कामगारांच्या हाती दोन तारखा होत्या. १८९४ साली रेल्वेचा मोठा संप पेटला असताना अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी २८ जूनला देशभराच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली. तारीख घेतली सप्टेंबरची, मिरवणुकीची. फाशी ज्या तारखेची आठवण देते ती बाजूला राहिली. आणि सहीनंतर आठवडाभरातच संप मोडायला शिकागोत लष्कर उतरवले.

असेच इतरत्रही आहे. जपानात २३ नोव्हेंबरला श्रमाचे आभार मानण्याची सुट्टी असते. ती १९४८ साली सुरू झाली, पण त्या दिवशी पूर्वीपासून नव्या भाताचा सण होता. आपल्याच विदर्भातल्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ काढला. तो संघ पहिली मे न मानता १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती श्रम दिन म्हणून पाळतो. पहिली मे परक्या विचाराची, विश्वकर्मा आपला, अशी त्यांची भूमिका. विचार पटो न पटो, त्यांनी आपली तारीख आपण ठरवली.

एवढ्यावरून एक खूण हाती लागते. कोणताही श्रम दिन दिसला की विचारावे, ही तारीख कोणत्या मागणीतून आली, आणि ती पक्की कोणी केली? शिकागोच्या तारखेमागे तासांची मागणी होती. मागणी गळून गेली की उरते ती सुट्टी.

आता आपल्या वावरापुरते बोलू. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. ही सुट्टी कोणत्या कायद्याने दिलेली नाही, तरी गावात ती कोणी मोडत नाही. पण निंदणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या बाईला असा दिवस नाही. वेचणी किलोवर, बसली तर मजुरी बुडाली. घरची बाई आपल्याच वावरात वेचते, तिची तर मजुरीही धरत नाही. तिच्यासाठी पहिली मे मागावी की पोळ्याचा दिवस, हा वाद नंतर घालू. आधी तिची मागणी काय ते तिलाच विचारू. बोलणी पाडव्याला होतात, म्हणून विचारायचे ते पाडव्याच्या आधी.