सत्तर चिन्हांत आठवण

केमसारख्या गावात मोफत तपासणी शिबिराची आठवण साध्या फोनवर पाठवताना मी आधी चिन्हं मोजतो. मराठी एसएमएसच्या एका भागात 70 चिन्हं बसतात. काना, वेलांटी, हलन्त, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजलं जातं. 'जुन्या' या शब्दाचीच सहा होतात. मजकूर लांबला की तुकडे पडतात. काही जुन्या फोनवर ते सुटे दिसतात. वेळ एकात, जागा दुसऱ्यात.

म्हणून हा नमुना:

«उद्या रविवारी सकाळी 10, केमच्या शाळेत मोफत तपासणी. जुन्या गोळ्या आणा.»

ही 69 चिन्हं. 'लाभ घ्यावा' गाळलं, गोळ्या ठेवल्या. त्या पाहून डॉक्टरांना चालू औषध कळतं.

आधी एखाद्या चाचांच्या फोनवर पाठवून बघा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर तिथे फोन करूनच सांगा.