मोबाईलवरच्या निकालावरून सत्राची सरासरी कशी काढावी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका लहानशा हिशोबाबद्दल बोलणार आहे. आपल्या मुलामुलींचा कॉलेजचा निकाल हल्ली आधी मोबाईलवर दिसतो. मुलगा त्याचा स्क्रीनशॉट काढून घरच्यांना पाठवतो. वडील चित्र उघडतात, तर त्यात विषयांची नावे, क्रेडिटचे आकडे आणि A, B+, O अशी अक्षरे असतात. पूर्वीसारखी एकूण गुण आणि शेकडा टक्के अशी ओळ त्यात सापडत नाही. छापील गुणपत्रक पुढे केव्हातरी मिळते. शिष्यवृत्तीच्या किंवा वसतिगृहाच्या अर्जाची मुदत मात्र तोवर थांबत नाही, आणि त्या अर्जात एक रकाना असतो: SGPA, म्हणजे सत्राची श्रेणीगुण सरासरी. हा आकडा त्या चित्रावरून आपणच काढायचा असतो. तो चुकीचा भरला, तर पुढे कागदपत्रांच्या तपासणीत अर्ज अडकतो.

प्रथम अक्षरांचा अर्थ पाहू. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत O ला १०, A+ ला ९, A ला ८, B+ ला ७, B ला ६, C ला ५, P ला ४ आणि F ला शून्य असे श्रेणीगुण आहेत. गैरहजर असेल तर Ab, त्यालाही शून्यच. परंतु हे कोष्टक सर्वत्र एकच आहे असे समजू नका. काही विद्यापीठांत ४ गुणांच्या श्रेणीला P ऐवजी D म्हणतात. मुंबईच्या आयआयटीत तर AA ला १०, AB ला ९, BB ला ८ अशी जोड-अक्षरे आहेत. म्हणून पहिला नियम असा की, आपल्या विद्यापीठाचे कोष्टक समोर घेतल्याशिवाय पेन्सिल उचलू नये. बहुधा ते निकालाच्या खाली किंवा गुणपत्रकाच्या मागील बाजूस छापलेले असते. शेजारच्या मुलाचे कोष्टक आपल्याला चालेलच असे नाही.

आता क्रेडिट म्हणजे काय? क्रेडिट, ज्याला मराठीत श्रेयांक म्हणतात, ते त्या विषयाचे वजन होय. बाजारातले उदाहरण घ्या. आपण साठ रुपये भावाचा ४ किलो तांदूळ घेतला आणि शंभर रुपये भावाचा १ किलो. सरासरी भाव काय पडला? साठ आणि शंभर यांची बेरीज करून दोनाने भागले तर ऐंशी येतात. पण खिशातून गेले ३४० रुपये आणि पिशवीत आला ५ किलो तांदूळ. म्हणजे खरा भाव पडला ६८ रुपये. येथे किलो म्हणजे क्रेडिट आणि भाव म्हणजे श्रेणीगुण. सूत्र असे:

```
SGPA = (क्रेडिट × श्रेणीगुण) यांची बेरीज ÷ क्रेडिटची बेरीज
```

आता विज्ञान शाखेतील एका विद्यार्थ्याचा निकाल घेऊ. हा नमुना मी उदाहरणासाठी तयार केला आहे. अनुदान आयोगाचे कोष्टक लावले आहे.

| विषय | क्रेडिट | श्रेणी | श्रेणीगुण | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| रसायनशास्त्र | ४ | A | ८ | ३२ |
| रसायनशास्त्र प्रात्यक्षिक | २ | O | १० | २० |
| गणित | ४ | B | ६ | २४ |
| भौतिकशास्त्र | ४ | B+ | ७ | २८ |
| भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक | २ | A+ | ९ | १८ |
| इंग्रजी | २ | C | ५ | १० |
| पर्यावरण | २ | A | ८ | १६ |
| एकूण | २० | | | १४८ |

चित्रात बहुधा पहिले तीनच रकाने असतात. शेवटचे दोन आपण वहीत आखायचे. १४८ ला २० ने भागले की ७.४० येतात. हीच सत्राची सरासरी.

आता बहुतेक मुले काय करतात? सात श्रेणीगुणांची बेरीज ५३, भागिले सात, उत्तर ७.५७. समजा, अर्जात किमान ७.५० ची अट आहे. चुकीच्या हिशोबाने हा विद्यार्थी पात्र ठरतो, खऱ्या हिशोबाने ठरत नाही. फरक कशामुळे पडला? प्रात्यक्षिकांत त्याला O आणि A+ मिळाले, पण त्यांचे वजन दोन-दोनच क्रेडिट आहे. गणितात B मिळाला, त्याचे वजन चार. साध्या सरासरीत हलका विषय आणि जड विषय एकाच मापाने मोजले जातात, म्हणून उत्तर फुगले.

येथे चित्र वाचण्याच्या सावधगिरीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण हिशोबापेक्षा वाचनातच अधिक चुका होतात.

पहिली गोष्ट, शेवटची ओळ. मोबाईलचा पडदा लहान असतो आणि निकालाचा तक्ता लांब. चित्रात शेवटचा विषय कापला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या उदाहरणात पर्यावरणाची ओळ राहून गेली असती, तर १३२ भागिले १८, म्हणजे ७.३३ असे उत्तर आले असते. उत्तर दिसायला ठीकच वाटते, म्हणून ते पाहून चूक कळत नाही. ती कळते क्रेडिटच्या बेरजेवरून. सत्राचे एकूण क्रेडिट किती हे अभ्यासक्रमात ठरलेले असते. येथे ते २० आहेत. आपली बेरीज १८ आली, तर एखादी ओळ नक्की गळाली आहे. तेव्हा भागाकारापूर्वी क्रेडिटची बेरीज ताडून पाहावी.

दुसरी गोष्ट, अधिकचे चिन्ह. चित्र एकाकडून दुसऱ्याकडे पाठवताना अंधुक होते आणि अक्षराला चिकटलेले ते लहानसे चिन्ह पुसट दिसते. B आणि B+ यांत एका श्रेणीगुणाचा फरक आहे. गणिताचा B कोणी B+ असा वाचला, तर चार क्रेडिटमुळे बेरीज चारने वाढून १५२ होते आणि सरासरी ७.६० येते. तसेच O हे अक्षर आहे, शून्य नव्हे. त्याला शून्य समजणे म्हणजे सर्वांत वरची श्रेणी सर्वांत खाली ढकलणे होय. शंका आली तर चित्र मोठे करून बघावे किंवा मूळ निकाल पुन्हा उघडावा. अंदाजाने अक्षर भरू नये.

तिसरी गोष्ट, रकान्याचे शीर्षक. काही निकालांत क्रेडिट आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार आधीच करून दिलेला असतो. तो आकडा श्रेणीगुण समजून पुन्हा क्रेडिटने गुणला, तर रसायनशास्त्राचे ३२ चे १२८ होतात आणि उत्तर दहाच्या पलीकडे जाते. ही चूक पकडण्यास सोपा उपाय आहे. खरी सरासरी नेहमी आपल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त श्रेणीगुणांच्या मध्येच पडते. येथे सर्वांत कमी ५ आणि सर्वांत जास्त १०. उत्तर या दोहोंच्या बाहेर गेले तर ते निश्चित चुकीचे.

आता नापास विषयाचे पाहू. समजा, त्याच विद्यार्थ्याला गणितात F मिळाला. श्रेणीगुण शून्य, गुणाकार शून्य. बेरीज १४८ वरून १२४ वर आली. काही मुले म्हणतात, गणित सुटलेच नाही, मग त्याचे चार क्रेडिट तरी कशाला धरायचे? आणि ते १२४ ला १६ ने भागतात. उत्तर येते ७.७५! गणितात पास असताना ७.४० होते आणि नापास झाल्यावर ते ७.७५ झाले, असे कधी होईल काय? आयोगाच्या सूत्रात त्या सत्रात घेतलेल्या सर्व विषयांचे क्रेडिट भाजकात राहतात. म्हणून उत्तर १२४ भागिले २०, म्हणजे ६.२०. पुढे त्याने गणित पुन्हा देऊन C मिळवला, तर चार पाचे वीस मिळून बेरीज १४४ आणि सरासरी ७.२० होईल. मात्र काही ठिकाणी सर्व विषय सुटेपर्यंत सरासरी जाहीरच करत नाहीत. तसे असेल तर निकालात तो रकाना रिकामा दिसतो, आणि तेथे आपण काढलेला आकडा अर्जात भरू नये. आधी कॉलेजच्या कार्यालयात विचारावे.

याच सूत्रातून आणखी एक उपयोगाची गोष्ट निघते. एखाद्या विषयात एक श्रेणी वाढली तर सरासरी किती वाढेल? त्या विषयाचे क्रेडिट भागिले एकूण क्रेडिट, एवढी. येथे चार क्रेडिटच्या विषयात ०.२० आणि दोन क्रेडिटच्या विषयात ०.१०. आपल्या विद्यार्थ्याला ७.५० गाठण्यास ०.१० कमी पडतात. म्हणजे इंग्रजीत C ऐवजी B मिळाला असता तरी बेरीज १५० होऊन काम झाले असते. पुनर्मूल्यांकनासाठी कोणत्या विषयाची फी भरावी याचा विचार करताना हे गणित हाताशी ठेवावे. जेथे श्रेणी अगदी थोड्या गुणांनी हुकली आहे तेथेच अर्ज करण्यात अर्थ आहे, आणि तो विषय जड असेल तर अधिकच. श्रेणी कमी होऊ शकते काय, हाही नियम फी भरण्यापूर्वी वाचावा.

शेवटी दोन लहान गोष्टी. भागाकार पूर्ण झाल्यावरच दोन दशांशांपर्यंत आकडा घ्यावा, मधेच नव्हे. आणि ७.४० म्हणजे ७४ टक्के असे परस्पर लिहू नये. टक्क्यांत रूपांतर करण्याचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो. अर्जात टक्के मागितले असतील तर आपल्या विद्यापीठाचा नियम लावावा, आणि तो कोणता लावला हे अर्जासोबत नमूद करावे.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाने चित्र पाठवले की त्याला फक्त उत्तर विचारू नका. कागदावर पाच रकाने आखायला सांगा आणि क्रेडिटची बेरीज तुम्ही स्वतः करून पाहा. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही, भाजीचा हिशोब येतो तेवढे पुरे. बेरीज जुळली, तर पुढचा भागाकार मुलगा बिनचूक करील.