एमआरआयचं बिल विमा कधी देतो?

गटातल्या बऱ्याच जणींनी आता आरोग्य विमा काढलाय. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "ताई, हप्ता भरतो, मग एमआरआयचे पैसे का नाही मिळाले?" आज तेवढंच बोलू.

बहुतेक विम्याचा करार दवाखान्यात भरती होण्याचा असतो. 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीचंच घ्या. साधारणपणे किमान 24 तास भरती हवी. त्या भरतीच्या आधीचे 30 दिवस आणि सुटीनंतरचे 60 दिवस, त्याच आजारावरच्या तपासण्या आणि औषधंही त्यात येतात. म्हणजे तपासणी भरतीचा हात धरून आत येते, एकटी येत नाही.

समजा, सुमनताईंची पॉलिसी चार वर्षं जुनी आहे. कंबर दुखते, पाय बधिर होतो. 5 जूनला एमआरआय केला, बिल 7,000 रुपये. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, व्यायाम करा. इथं विमा काहीच देणार नाही. पण दुखणं वाढलं आणि 24 जूनला मणक्याच्या ऑपरेशनसाठी भरती झाल्या, तर मधे 19 दिवसच गेलेत. एमआरआय धरला जाईल. या पॉलिसीत पाच टक्के आपले, म्हणजे 350 वजा जाऊन 6,650 मिळतील. तेच ऑपरेशन 20 जुलैला झालं असतं, तर 30 दिवस उलटल्यामुळे ते बिल गेलं.

कुणी सांगतं, "एक रात्र भरती व्हा, बसवून देतो." ऐकू नका. फक्त तपासणीसाठी झालेली भरती करारातच वगळलेली असते. केसपेपरवर उपचार दिसला नाही की दावा नाकारतात, आणि खाटेचं भाडंही आपल्याच अंगावर पडतं.

कॅन्सरच्या चाचणीचंही तसंच. काही त्रास नसताना केलेली मॅमोग्राफी धरत नाहीत. धडधाकट बाईनं वेळोवेळी करायची ती तपासणी, तो ठरलेला खर्च झाला. तो सगळ्यांचा द्यायचा तर कंपनी हप्त्यातूनच वसूल करणार. मला हे पटतं, पण विकताना एजंट हे सांगत नाहीत, ते नाही पटत. मात्र गाठ निघाली, तुकडा तपासला आणि 30 दिवसांत त्याच आजारासाठी भरती झाली, तर त्या तपासण्या धरतात. केमोथेरपीला 24 तासांची अटही नाही.

गाठ नसतानाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या. तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथं मोफत असते. आशाताईंना दिवस विचारा.

आणि एमआरआयला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बिल, रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर तारीख आणि आजाराचं नाव लिहून घ्या. भरतीच्या कागदावर तेच नाव नसलं, तर दावा तिथंच अडतो.