दोघांचेही ४८०, मग पहिला कोण?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की तुमच्या क्विझ अ‍ॅपमधला लीडरबोर्ड चालतो कसा. आज त्यावरच बोलू. खरं सांगायचं तर तो कसा चालतो यापेक्षा आमचा कुठे कुठे फसला, हे ऐकलंत तर जास्त उपयोग होईल. बसमध्ये ऐकत असाल तर कोडची काळजी करू नका, ते या पानावर लिहिलेलं आहे.

आमचं अ‍ॅप स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं आहे. छोटी टीम आहे, चार माणसं. रोज क्विझ असते, प्रत्येक बरोबर उत्तराला गुण मिळतात, आणि आठवड्यात जो पहिला येईल त्याला ५०० रुपयांचं पुस्तकांचं कूपन. रक्कम मोठी नाही, पण होस्टेलवर राहून अभ्यास करणाऱ्याला ती मोठीच असते. एका सोमवारी सकाळी एका मुलीचा मेसेज आला. "सर, माझे ४८० गुण बुधवारीच झाले होते. त्याचे ४८० रविवारी रात्री झाले. मग तो पहिला कसा?"

आम्ही बघितलं. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आणि "तो पहिला का" याचं उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं.

आधी हे आतून कसं चालतं ते बघू. रेडिस सगळा डेटा मेमरीत ठेवतं, म्हणून ते झटपट चालतं. त्यात सॉर्टेड सेट नावाचा एक प्रकार आहे. त्यात प्रत्येक नावासोबत एक आकडा असतो, त्याला स्कोअर म्हणतात. त्या आकड्याप्रमाणे यादी कायम लावलेलीच असते. म्हणजे कुणाचा नंबर विचारला की पुन्हा सगळी यादी लावत बसावं लागत नाही. आमचं पहिलं काम एवढ्या तीन ओळींत झालं होतं:

```
ZINCRBY lb 10 aarti22
ZRANGE lb 0 9 REV WITHSCORES
ZREVRANK lb aarti22
```

पहिली ओळ दहा गुण वाढवते, दुसरी वरचे दहा जण देते, तिसरी एकाचा नंबर सांगते. हा नंबर शून्यापासून मोजलेला असतो, म्हणून दाखवताना त्यात एक मिळवायचा.

आता गोम कुठे आहे? दोन स्कोअर सारखे असले की रेडिस नावांची तुलना करतं, डिक्शनरीसारखी, अक्षरामागून अक्षर. आणि आपण यादी मोठ्याकडून लहानाकडे मागतो, त्यामुळे हा क्रमही उलटा येतो. समजा तिचं युजरनेम `aarti22` आणि त्याचं `zen_rider`. बरोबरी झाली की z वर, a खाली. बस, एवढंच कारण. कूपन कुणाला जाणार हे इंग्रजी मुळाक्षरं ठरवत होती.

मग ठरवलं, की बरोबरी असेल तर जो आधी त्या गुणांवर पोचला तो वर. म्हणजे वेळ कुठेतरी स्कोअरमध्ये घालायला हवी. आमचा पहिला जुगाड असा होता: गुणांमध्ये एक भागिले टाइमस्टॅम्प मिळवायचं. म्हणजे ४८० अधिक एक छोटासा अपूर्णांक. उशीर जितका जास्त, तितका अपूर्णांक लहान. कागदावर एकदम बरोबर. टेस्टही पास झाली, कारण टेस्टमध्ये आम्ही एक वेळ आजची आणि एक महिन्यापूर्वीची घेतली होती.

खऱ्या वापरात मात्र बरोबरीचे घोळ पुन्हा दिसायला लागले. कारण असं, की रेडिसचा स्कोअर ६४ बिटांचा डबल असतो. त्यात ठरावीक आकडेच मावतात. ४८० च्या आसपास दशांशानंतर साधारण तेराव्या-चौदाव्या घरापर्यंतचाच फरक टिकतो. एक भागिले टाइमस्टॅम्पमध्ये एका सेकंदाचा फरक त्याहून कितीतरी पुढच्या घरात पडतो. हिशेब केला तर जवळपास दोन दिवसांचं अंतर असल्याशिवाय आकडा बदलतच नव्हता. मंगळवारी सकाळी आणि मंगळवारी रात्री ४८० केलेल्या दोघांचा स्कोअर अगदी एक, आणि मग पुन्हा मुळाक्षरं!

म्हणून अपूर्णांक सोडला आणि पूर्णांक घेतला. आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात, म्हणजे दहा लाखांपेक्षा कमी. मग गुण गुणिले दहा लाख करायचे आणि उरलेल्या सहा घरांत आठवड्याचे किती सेकंद शिल्लक आहेत ते लिहायचं. आधी पोचलेल्याचे सेकंद जास्त शिल्लक, म्हणून तो वर.

त्या दोघांचंच उदाहरण घेऊ. आठवडा सोमवारी मध्यरात्री सुरू. ती बुधवारी रात्री नऊला ४८० वर पोचली, म्हणजे २,४८,४०० सेकंद गेले होते. ६,०४,७९९ मधून ते वजा केले की ३,५६,३९९ उरतात. तो रविवारी रात्री ११:४० ला पोचला, त्याच्याकडे उरले फक्त १,१९९.

```
aarti22    480356399
zen_rider  480001199
```

ती वर, तो खाली. आणि तिसऱ्या कुणाचे ४८१ असतील, तर अगदी शेवटच्या सेकंदाला केले असले तरी त्याचा स्कोअर ४८१ ने सुरू होतो, त्यामुळे तो दोघांच्याही वरच. वेळेमुळे गुणांवर अन्याय होत नाही. डबलमध्ये साधारण नऊ हजार लाख कोटींपर्यंतचे सगळे पूर्णांक अचूक बसतात. आपला आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. फक्त स्क्रीनवर दाखवताना दहा लाखांनी भागून पूर्णांक घ्यायला विसरू नका. आम्ही प्रोफाइलच्या पानावर विसरलो होतो, तेव्हा एका मुलाला आपले अठ्ठेचाळीस कोटी गुण झालेले दिसले. त्याने स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला, ते वेगळंच.

आता `ZINCRBY` चालणार नाही, कारण गुण वाढवायचे आणि वेळ बदलायची, अशा दोन गोष्टी आहेत. जुना स्कोअर वाचा, नवा बनवा, लिहा. पण एकाच मुलाचे दोन निकाल एकदम आले तर? दोघांनी ४७० वाचले, एकाने दहा मिळवले, दुसऱ्याने पाच. जो शेवटी लिहील त्याचंच टिकणार. ४८५ व्हायला हवेत, होतात ४७५ किंवा ४८०. म्हणून हे सगळं एका लुआ स्क्रिप्टमध्ये ठेवायचं. स्क्रिप्ट संपेपर्यंत रेडिस मध्ये दुसरी कुठलीही कमांड घेत नाही.

```lua
local old = redis.call('ZSCORE', KEYS[1], ARGV[1])
local pts = 0
if old then pts = math.floor(tonumber(old) / 1000000) end
pts = pts + tonumber(ARGV[2])
local left = math.max(0, tonumber(ARGV[3]))
redis.call('ZADD', KEYS[1], pts * 1000000 + left, ARGV[1])
return pts
```

उत्तर चुकलं आणि गुण शून्य मिळाले तर ही स्क्रिप्ट चालवायचीच नाही. नाहीतर गुण तेवढेच राहतील आणि वेळ मात्र पुढे सरकेल. त्यातली `math.max` वाली ओळ का आहे, ते जरा पुढे सांगतो.

आता दर आठवड्याचा रीसेट. सुरुवातीला आम्ही सर्व्हरवर क्रॉन लावला होता: रविवार संपला की यादी डिलीट. दोन त्रास झाले. एक, सर्व्हर यूटीसीवर होता. त्याची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. सोमवारी पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्यांचे गुण मागच्या आठवड्यात जात होते. दुसरं म्हणजे यादी गेली की पुरावाही गेला. मागच्या आठवड्यात पहिलं कोण होतं असं विचारलं तर दाखवायला काही नाही.

म्हणून पुसणं बंद केलं. आता प्रत्येक आठवड्याची की वेगळी, नावातच वर्ष आणि आठवडा: `lb:2024-W47`. भारतीय वेळेप्रमाणे सोमवार लागला की नाव बदलतं आणि नवी यादी आपोआप रिकामी सुरू होते. जुन्या यादीला `EXPIRE` लावून पाच आठवड्यांची मुदत देतो. मग तक्रार आली तर बघता येतं.

रविवारी ११:५८ ला क्विझ सुरू केली आणि १२:०३ ला संपवली तर? आम्ही क्विझ सुरू होतानाच आठवडा ठरवून ठेवतो, गुण त्याच यादीत जातात. पण तेव्हा शिल्लक सेकंद वजा १८१ सारखे येतात. ४८० गुणिले दहा लाख, त्यातून १८१ गेले, की भागल्यावर येतात ४७९! मुलाचा एक गुण गायब. म्हणून ते `math.max`: शून्याच्या खाली जायचंच नाही.

शेवटचा फटका ३० डिसेंबर २०२४ ला बसला. तो सोमवार होता. आठवड्याच्या आयएसओ पद्धतीत तो २०२५ चा पहिला आठवडा धरला जातो. आम्ही नाव बनवताना वर्ष साध्या कॅलेंडरचं घेतलं होतं, `%Y-W%V`. त्यामुळे सोमवार-मंगळवारी नाव झालं `2024-W01` आणि बुधवारी, १ जानेवारीला, `2025-W01`. नव्या वर्षाच्या सकाळी सगळ्यांचे गुण शून्य! बरोबर नाव `%G-W%V` असं बनतं, कारण `%G` म्हणजे तो आठवडा ज्या वर्षाचा, ते वर्ष. तुमच्या कोडमध्ये हे तपासायचं असेल तर ३० डिसेंबर आणि १ जानेवारी २०२५ या दोन तारखा घालून बघा. नाव एकच आलं पाहिजे.

आमच्या दोन्ही याद्या सुदैवाने शाबूत होत्या. `ZUNIONSTORE` ने त्या एकत्र केल्या तर स्कोअरची बेरीज होते आणि त्यात सेकंदही मिळवले जातात. म्हणून सोमवार-मंगळवारचे गुण वेगळे काढून तीच स्क्रिप्ट प्रत्येकासाठी चालवली.

आणि त्या मुलीचं काय झालं? तिला कूपन पाठवलं. त्याच्याकडून परत मागितलं नाही, चूक आमची होती. तिचं उत्तर आलं: "थँक्यू सर, पण नियम अ‍ॅपमध्ये लिहा ना." आता लीडरबोर्डच्या खाली एक ओळ आहे: गुण सारखे असतील तर आधी पोचलेला वर.

चला, भेटू पुढच्या भागात.