वाटीभर मीठ म्हणजे नक्की किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आमचं गाव गागोदे बुद्रुक. पेण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. बाहेरची माणसं ते विनोबा भाव्यांचं जन्मगाव म्हणून ओळखतात. १८९५ साली विनोबा इथं जन्मले. आम्ही गावातल्या बायका मात्र मे महिना संपत आला की एकाच गोष्टीची काळजी करतो : पाऊस आधी येतो की लोणचं आधी मुरतं! कारण आमच्याकडे एकदा पाऊस लागला की भिंतीला ओल, कपड्यांना वास आणि बरणीत बुरशी, असं सगळं एकदमच येतं.

मी आज सांगणार आहे ते वर्षभराचं साठवणीचं लोणचं नव्हे. कैरीचं झटपट लोणचं, दोन दिवसांत ताटात वाढता येईल आणि नीट केलं तर पावसाळाभर टिकेल असं. ते का बिघडतं हे मला स्वतःचं एक लोणचं फेकून द्यावं लागल्यावर कळलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सासूबाईंचं माप ठरलेलं होतं. किलोभर फोडींना एक वाटी मीठ. ती वाटीसुद्धा घरात ठरलेली, काठाला चेपलेली. त्या मापानं मी कित्येक वर्षं लोणचं घातलं, कधी बिघडलं नाही. एका वर्षी घरात बारीक मीठ नव्हतं. खाडीकाठच्या मिठागरांतलं खडे मीठ आमच्या भागात पूर्वीपासून वापरतात, तेच वाटीनं मोजून घातलं. आठव्या दिवशी दादरा सोडला तर वरच्या फोडींवर राखाडी-हिरवट लव! शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, विटाळ झाला असेल बरणीला." मला काही ते पटलं नाही. मी वाणसामानाच्या दुकानात वाटी घेऊन गेले आणि दोन्ही मिठं तोलून घेतली. तीच वाटी, शिगोशीग भरलेली. बारीक मीठ भरलं १८० ग्रॅम आणि खडे मीठ १४०. खड्यांच्या मधे हवाच जास्त! आणि आमच्या हवेत खडे मीठ ओलसरही असतं. घरी आणून ते तव्यावर कोरडं भाजलं, पुन्हा तोललं, तर १३० ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे एक वाटी घातली असं मी समजत होते, पण जवळजवळ ५० ग्रॅम मीठ कमी पडलं होतं.

तेव्हापासून मी मीठ मोजत नाही, तोलते. आणि तोलायच्या आधी भाजते. जुन्या बायका लोणच्यासाठी मीठ भाजून घ्यायच्या, त्याचं कारण हेच. मिठातलं पाणी आधीच उडवून टाकायचं.

आता कृतीकडे येते. एक किलो कैऱ्या घ्या. कैरी कडक, बाठा धरलेली, पण आतून पांढरी हवी. कापल्यावर आत पिवळी दिसली तर ती पाडाला लागली असं समजा. तिच्यात आंबटपणा कमी आणि साखर जास्त असते, ती लोणच्यात मऊ पडते आणि फसफसते. तिचा मेथांबा करा, लोणचं नको. वादळात पडलेल्या कैऱ्या स्वस्त मिळतात, पण जिथं मार लागलेला असतो तिथं साल आतून फुटलेली असते आणि बुरशीला तेवढीच वाट पुरते. मार लागलेला भाग सढळ हातानं कापून टाकायचा.

कैऱ्या धुवा, पुसा आणि पंख्याखाली तास-दोन तास पसरून ठेवा. देठाच्या खळगीत पाणी राहतं, तिथं कापडाचं टोक घालून पुसा. बाठा काढून फोडी केल्या की किलोच्या साधारण ७०० ग्रॅम उरतात. कमी-जास्त होतं, म्हणून फोडीही तोलाच. फोडींच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं मीठ, हा माझा हिशेब. ७०० ग्रॅमला १४० ग्रॅम. त्यात दोन चमचे हळद घालून फोडींना चोळायचं आणि काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात, वरून कापड बांधून, रात्रभर ठेवायचं. ॲल्युमिनिअमचं किंवा पितळेचं भांडं नको, आंबट खाराला ते चालत नाही.

सकाळी फोडी पाण्यात दिसतील. ते पाणी कैरीचंच, मिठानं बाहेर ओढून काढलेलं. त्यालाच आम्ही खार म्हणतो. इथं एक चूक हमखास होते. फोडी कोरड्या हव्यात म्हणून खार गाळून मोरीत ओततात. अहो, तुमचं निम्मंअधिक मीठ त्या खारात उतरलेलं असतं! फोडी दोन तास कापडावर पसरा, हरकत नाही, पण खार जपून ठेवा. तो परत घालायचा आहे.

मसाल्याला ६० ग्रॅम मोहरीची डाळ, ५० ग्रॅम तिखट, थोड्या तेलात तळून कुटलेली चमचाभर मेथी आणि हिंग. मोहरीची डाळ खारात कालवून फेसायची, नाकाला झणका लागेपर्यंत. हा झणका नुसता चवीचा नसतो, बुरशीला आवरायलाही त्याची थोडी मदत होते. पण तो ओलाव्यानं तयार होतो आणि कडकडीत तेलानं मरतो. म्हणून मोहरीची डाळ गरम फोडणीत टाकायची नाही. फोडणीत अख्खी मोहरी घाला पाहिजे तर.

तेल शेंगदाण्याचं किंवा तिळाचं, पाव किलोच्या थोडं वर. धूर येईतो तापवायचं, गॅस बंद करून मोहरी, हिंग, हळद घालायची. आणि मग थांबायचं. कितीही घाई असली तरी थांबायचं. माझ्या त्या बिघडलेल्या बरणीचा दुसरा दोष इथंच होता. मी तेल कोमट असतानाच ओतलं आणि लगेच घट्ट झाकण लावलं, दादरा बांधला तो दोन दिवसांनी. कोमट तेलानं फोडींतलं पाणी वाफ होऊन वर गेलं, झाकणाला आतून थेंब धरले आणि ते थेंब तेलावर पडले. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जाऊन वरच्या फोडींवर बसलं. तेवढ्या जागेपुरता खार पातळ झाला. बुरशीला पाणी हवं आणि हवा हवी. पाणी मी झाकणावरून पुरवलं. हवा कुठून मिळाली? तेल दुसऱ्या दिवशी मसाल्यात मुरलं आणि वरच्या फोडींची डोकी उघडी पडली. कैरीचा आंबटपणा पुष्कळ जंतूंना रोखतो, पण बुरशीला आंबट चालतं. तिला अडवायचं तर मिठानं पाणी बांधून ठेवायचं आणि तेलानं हवा तोडायची.

तेव्हा तेल पूर्ण गार, म्हणजे भांड्याच्या बुडाला हात लावल्यावर अजिबात ऊब लागणार नाही इतकं गार. त्याला तीन-चार तास सहज लागतात. फोडी, मसाला, खार एकत्र करून बरणीत दाबून भरा, म्हणजे मधे हवेचे कप्पे राहत नाहीत. बरणी आधी धुऊन उन्हात वाळवलेली हवी. आम्ही तिला निखाऱ्यावर हिंग टाकून धुरीही देतो. मग तेल ओता आणि पहिले तीन दिवस झाकण न लावता स्वच्छ कोरडा दादरा बांधा. ओलावा कापडातून निघून जातो.

दुसऱ्या दिवशी बरणी उघडून बघायचीच. तेल खाली गेलेलं दिसेल. तसंच तापवून गार केलेलं आणखी थोडं तेल घाला. फोडींच्या वर अर्धा सेंटिमीटर तेल उभं राहिलं पाहिजे. विकायच्या तेलातल्या लोणच्यासाठी सरकारी नियमातही तेलाच्या थराचं हेच माप सांगितलेलं होतं. घरात मोजपट्टी लावायला नको, करंगळीच्या नखाची उंची पुरे. पहिला आठवडा रोज कोरड्या लांब चमच्यानं तळापासून हलवा. खार जड असतो, तो खाली बसतो आणि वरच्या फोडींच्या वाट्याला मीठ कमी येतं.

वर काही पांढरं दिसलं तर घाबरून जाऊ नका, आधी नीट बघा. बोटांत चुरलं तर कण लागतात आणि पाण्यात विरघळतं, ते मीठ. सपाट, सुरकुतलेली साय असेल तर मीठ कमी पडल्याची ती खूण. बुडबुडे येत असतील, झाकण उघडताना फस्स आवाज होत असेल, तर लोणचं आंबू लागलंय. आणि लव असेल, कापसासारखी, कुठल्याही रंगाची, तर ती बुरशी. पूर्वी वरचा थर काढून, खालचं लोणचं उकळून खात असत. मी ते करत नाही. बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या खाली गेलेले असतात आणि तिच्यातली काही विषं उकळून जात नाहीत. मी ती सगळी बरणी परसात खड्डा करून पुरली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत!

लिंबाचं म्हणाल तर रस आंबट असला तरी साल कडू आणि जाड असते, दोन दिवसांत ती मुरत नाही. घाई असेल तर अख्खी लिंबं चाळणीत दहा मिनिटं वाफवा, पुसून पूर्ण गार होऊ द्या, मग फोडी करून मीठ लावा. मिठाचा हिशेब तोच. पण वाफवल्यानं पाणी शिरतं, म्हणून हे लोणचं फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवायचं.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात. घरात रक्तदाबाची माणसं आहेत, मीठ निम्मं घातलं तर? घाला. पण मग ते बाहेर ठेवायचं लोणचं राहत नाही. थोडंसंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभरात खाऊन टाका. मीठ कमी करून वर तेल वाढवलं म्हणजे भागतं, असं काही जणी समजतात. तसं होत नाही. तेल फक्त हवा अडवतं, तेलाखालचं पाणी तसंच राहतं. आमच्या घरी आता दोन बरण्या असतात. मोठी शिंक्यावर, छोटी फ्रिजमध्ये. छोटीवर मी चिठ्ठी चिकटवते, घातल्याची तारीख आणि मिठाचे ग्रॅम. चेपलेली वाटी अजून आहे, ती तांदळाच्या डब्यात असते.