आठ लाखांचा विमा, मग आठ लाख का नाहीत? : चार प्रश्नांची एक क्विझ

रत्नागिरीतून बोलतोय. पाठीमागे पावसाचा आवाज येत असेल तर तो मायक्रोफोनचा दोष नाही, आमच्या पत्र्याचा आहे.

आजचा एपिसोड माझ्या मामेबहिणीमुळे झाला. ती विमा एजंटची परीक्षा देतेय, आयसी-३८ म्हणतात ती. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ऑर्डर आली : "दादा, मला सरावासाठी क्विझ बनवून दे." बसलो बनवायला. आणि एका प्रश्नाचं उत्तर भरताना मला मामाची २०२१ सालची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. मामाचं चिपळूणच्या बाजारात कापडाचं दुकान. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा तेही बुडालं. विमा होता. पैसेही आले. पण मामा आजही विचारतो, "आठ लाखांचा विमा काढलेला, माल गेला त्याहून जास्त. मग आठ लाख नकोत का द्यायला?"

आज चार प्रश्न घेऊ. प्रत्येकाला पॉज करा, उत्तर ठरवा, मग पुढे ऐका. मामाचं उत्तर चौथ्यात आहे, पण थेट तिकडे उडी मारू नका. आधीचे तीन लागणार आहेत.

प्रश्न पहिला. मिरकरवाडा बंदरात एक मच्छीमार बोट आहे. तिचा विमा कोण काढू शकत नाही?

(अ) बोटीचा मालक
(ब) बोटीवर कर्ज दिलेली बँक
(क) शेजारी बोट लावणारा मालकाचा मित्र
(ड) करार करून बोट चालवायला घेतलेला माणूस

उत्तर (क). बोट बुडाली तर मित्राला वाईट वाटेल, पण खिशातून काही जाणार नाही. ज्याचं त्या वस्तूच्या जाण्याने पैशांत नुकसान होतं आणि ज्याचं त्या वस्तूशी कायद्याने मानलेलं नातं आहे, त्यालाच विमा काढता येतो. परीक्षेच्या पुस्तकात याला 'विमायोग्य हितसंबंध' म्हणतात. हा नियम नसेल तर विमा म्हणजे सरळ सट्टा. दुसऱ्याच्या बोटीवर पैसे लावायचे आणि वादळाची वाट बघायची!

इथे (ब) लक्षात ठेवा. बँकेचा हितसंबंध खरा आहे, पण बाकी असलेल्या कर्जाएवढाच. मामाच्या गोष्टीत ही बँक परत येणार आहे.

प्रश्न दुसरा. हा हितसंबंध नेमका कधी असायला हवा? जोड्या ओळखा : जीवन विमा, दुकानाचा आगीचा विमा, सागरी विमा.

(अ) तिन्हींत फक्त पॉलिसी घेताना
(ब) तिन्हींत फक्त नुकसान होताना
(क) जीवन विम्यात घेताना, आगीच्या विम्यात दोन्ही वेळा, सागरी विम्यात नुकसान होताना
(ड) तिन्हींत दोन्ही वेळा

मी क्विझमध्ये (ड) भरलं होतं. बहिणीने पकडलं. बरोबर उत्तर (क). जहाजावरचा माल वाटेतच एकाकडून दुसऱ्याकडे विकला जातो, म्हणून तिथे नुकसानाच्या वेळी तो कुणाचा, हे बघतात. दुकानाचं तसं नाही. दुकान विकलंत, तर तुमच्या नावाची पॉलिसी कपाटात असली तरी त्या आगीत तुमचं काही जळत नाही.

आपल्यातल्या बहुतेकांना हा नियम भेटतो तो सेकंडहँड बाइकमध्ये. तुम्ही बाइक घेतली, आरसी नावावर केली, पॉलिसी मात्र जुन्या मालकाच्याच नावावर राहिली. तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर तो थर्ड पार्टी भाग कायद्याने आपोआप तुमच्याकडे आलेला असतो. पण तुमच्याच बाइकचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली तर? जुन्या मालकाची पॉलिसी आहे, बाइक नाही. तुमची बाइक आहे, पॉलिसी नाही. म्हणजे दावा दोघांचाही अडकतो. सुप्रीम कोर्टाने नव्वदच्या दशकातच सांगितलंय की हा दुसरा भाग आपोआप बदलत नाही. म्हणून गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही नावावर करून घ्या.

प्रश्न तिसरा. चिपळूणचा एक दुकानदार विम्याचा फॉर्म भरतोय. यातली कोणती गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली नाही तरी चालेल?

(अ) मागच्या वर्षी दुकानात पाणी शिरून माल गेला होता
(ब) आधी एका कंपनीने विमा द्यायला नकार दिला होता
(क) दुकानाला रात्री राखणदार असतो
(ड) मागच्या खोलीत थिनरचे डबे साठवलेले असतात

उत्तर (क). धोका कमी करणारी गोष्ट नाही सांगितली तर नुकसान झालंच तर तुमचंच. बाकी तिन्ही सांगायलाच हव्यात, कारण त्या ऐकून कंपनी हप्ता वाढवेल किंवा नाहीच म्हणेल. हे 'परम सद्भाव' तत्त्व. साध्या खरेदीत 'बघून घ्या' चालतं. विम्यात ती वस्तू आतून फक्त तुम्हालाच माहीत असते, म्हणून महत्त्वाचं ते सांगायची जबाबदारी तुमच्यावर.

यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती आरोग्य विम्यात. २००९ चा सुप्रीम कोर्टाचा सतवंत कौर संधू खटला बघा. पॉलिसी घेणाऱ्याला मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार होता, फॉर्मवर मात्र तब्येत ठणठणीत. दावा फेटाळला गेला आणि कोर्टाने तो निर्णय योग्य ठरवला. त्यामुळे एजंट म्हणाला, "शुगरचं कशाला लिहिताय, मी भरतो फॉर्म," तर हात जोडा आणि पेन स्वतः हातात घ्या. सही तुमची असते, त्याची नाही.

कंपनीलाही कायमची मोकळीक नाही हं. जीवन विम्यात तीन वर्षं पूर्ण झाली की कलम ४५ प्रमाणे पॉलिसीवर शंका काढता येत नाही. आरोग्य विम्यात सलग ६० महिने झाले की न सांगितल्याचं कारण चालत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून.

मामाचं काय? सर्व्हेअरने फॉर्म काढून विचारलं, "२००५ ला पण इथे पूर आला होता, तुम्ही आधीचं नुकसान 'नाही' लिहिलंय." मामाला घाम फुटला. पण फॉर्मवरचा प्रश्न होता 'गेल्या तीन वर्षांत'. उत्तर खरं होतं. तिथून मामा सुटला.

आणि आता प्रश्न चौथा. आकडे मामाचे आहेत, सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल केलेत. पुराच्या दिवशी दुकानात २० लाखांचा माल. विमा ८ लाखांचा. भिजलेल्या मालातून जे विकता येईल ते वजा करून नुकसान १२ लाख. कंपनी किती देईल?

(अ) १२ लाख
(ब) ८ लाख
(क) ४ लाख ८० हजार
(ड) काहीच नाही

मामाचं उत्तर (ब). माझंही तेच होतं. बरोबर उत्तर (क).

विम्याचं काम तुम्हाला नुकसानाआधी होतात तिथे परत आणून ठेवणं, त्यापुढे एक पाऊल नाही. हे क्षतिपूर्तीचं तत्त्व. म्हणून दुकानातला माल खरेदीच्या भावाने मोजतात, विक्रीच्या नाही. मामाने स्वतः केलेली यादी १६ लाखांची होती, कारण त्याने लेबलवरच्या किमती धरल्या होत्या. न मिळालेला नफा या पॉलिसीत येत नाही. जीवन विमा मात्र या तत्त्वात बसत नाही, कारण माणसाची खरेदी किंमत कोण काढणार! तिथे ठरलेली रक्कम मिळते.

पण १२ चे ४.८ कसे झाले? माल २० लाखांचा, हप्ता भरला ८ लाखांचा. म्हणजे शंभरातल्या ४० रुपयांचा धोका कंपनीने घेतला, उरलेल्या ६० चा मामाने स्वतःच. त्यामुळे जे नुकसान होईल ते याच प्रमाणात वाटून घ्यायचं. पॉलिसीत याला 'ॲव्हरेज'ची अट म्हणतात.

```
दावा = नुकसान × विम्याची रक्कम ÷ मालाची खरी किंमत
     = १२ लाख × ८ ÷ २० = ४.८ लाख
```

त्यातून नैसर्गिक आपत्तीसाठी पाच टक्के मामाने सोसायचे, म्हणजे २४ हजार. हातात ४ लाख ५६ हजार.

मी मामाला विचारलं, "माल २० लाखांचाच होता हे त्यांना कसं कळलं? वह्या तर वाहून गेल्या ना?" मामा हसला. कॅश क्रेडिटची लिमिट वाढवून मिळावी म्हणून दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट द्यायचा तो. त्याच्यावर मामाचीच सही, आकडा २० लाख. विम्याचा आकडा मात्र कर्ज पहिल्यांदा घेतलं तेव्हाचा, ८ लाख. दरवर्षी तसाच रिन्यू होत गेला. धंदा वाढला, कर्ज वाढलं, विमा तिथेच. बँकेला एक आकडा, विमा कंपनीला दुसरा. पुराने दोन्ही कागद एकाच टेबलावर आणले.

आणि पहिल्या प्रश्नातली बँक आठवतेय? पॉलिसीत बँकेचं नाव होतं, त्यामुळे पैसे आधी कर्जखात्यात गेले. कर्ज बाकी होतं ६ लाख. सगळे ४ लाख ५६ हजार तिकडेच जमा. मामाच्या हातात नवीन माल घ्यायला त्यातला एक रुपया आला नाही. कंपनीने फसवलं असं इतकी वर्षं आम्ही घरात बोलत होतो. फसवलं कुणी नव्हतं. पॉलिसी जशी लिहिली होती तशीच चालली.

विमा २० लाखांचा असता तर? १२ लाख, वजा पाच टक्के ६० हजार, म्हणजे ११ लाख ४० हजार. कर्ज फिटून ५ लाख ४० हजार हातात.

एक बदल सांगतो. मामाची पॉलिसी फेब्रुवारी २०२१ ला रिन्यू झालेली, म्हणजे जुन्या अटींची. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आली. त्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ॲव्हरेज लावत नाहीत. २० लाखांच्या मालावर १७ लाखांचा विमा असेल तरी चालतं. ८ लाखांचा तेव्हाही चालला नसता, आताही चालणार नाही. घरासाठीच्या 'भारत गृह रक्षा'मध्ये ही कपात पूर्णच माफ आहे.

तर घरी कुणाचं दुकान, गोडाऊन, वर्कशॉप असेल तर आज रात्री दोन कागद शेजारी ठेवा : बँकेला दिलेलं शेवटचं स्टॉक स्टेटमेंट आणि विम्याची पॉलिसी. दोन्हींवरचे आकडे बघा. गणपतीला, दिवाळीला माल भरत असाल तर त्या महिन्यांचा आकडा धरा, आत्ताचा नाही. फरक दिसला तर रिन्यूअलची वाट बघू नका, मध्येच रक्कम वाढवून घेता येते.

हा हिशोब मी मामाला फोनवर सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बारा लाखांतला सात लाखांचा विमा मीच माझ्याकडे काढला होता म्हण की." मामेबहीण पलीकडून ओरडली, "सात लाख वीस हजार, बाबा!"

ती पास होणार. भेटू पुढच्या एपिसोडला.